मिडऑनला उडणारा तो ड्राइव्ह

अगं, तू पाठवलेले दोन्ही व्हिडिओ रात्री निवांत पाहिले. ऑफच्या बाहेरचा चेंडू तू कव्हरकडे मारायला जातेस आणि तो मिडऑनच्या दिशेने हवेत उडतो, म्हणून तू पायावर चिडली आहेस. पायाला बोल लावू नकोस. तुझा पाय चेंडूजवळ नीट पोचतोय. घोटाळा हातात आहे, आणि तो चेंडू सुटायच्या आधीच झालेला आहे.

स्लो मोशन सगळे जण बॅट चेंडूला लागते तिथे थांबवून पाहतात. तिथे फक्त परिणाम दिसतो. तू तिथून एकेक फ्रेम मागे जा. समोरच्या कॅमेऱ्यात, म्हणजे बोलरच्या बाजूने, फटक्याच्या क्षणी तुझ्या बॅटचं तोंड लेग साइडला मिटलेलं आहे. थोडं मागे गेलीस की बॅट गलीकडून तिरकी खाली येताना दिसते. आणखी मागे, बॅट उचलताना, उजवं कोपर अंगापासून लांब गेलंय आणि उजव्या हाताने बॅट ओढल्यासारखी वर घेतली आहेस.

आता बाजूचा व्हिडिओ लाव, पॉइंटवरून घेतलेला. तिथे हात मोठे करून बघ. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्हीसारखा जो कोन होतो, तो दोन्ही हातांचा एका रेषेत हवा. ती रेष बॅटच्या पाठीवरचा कणा आणि बाहेरची कड यांच्या मधून खाली जायला हवी. तुझा डावा हात बरोबर आहे. उजव्याचा कोन मात्र त्या रेषेतून सरकलाय, आणि चारही बोटं आणि तळवा दांड्याला आवळून बसलेत. खालच्या हाताचं काम अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी भागतं. पूर्ण मूठ आवळली की तो हात वरच्या हाताला ढकलून पुढे येतो आणि बॅटचं तोंड मिटतं. समोरून दिसलेला दोष बाजूने कळला तो असा.

दुरुस्ती सोपी आहे. बॅट तोंड खाली करून जमिनीवर ठेव, दांडा तुझ्याकडे. मग लाकूड फोडायची कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचल. कोन आपोआप जुळतात. ग्लोव्ह्ज घालूनच कर हं, कारण ग्लोव्ह्जमध्ये बोटं पुन्हा घसरतात. मग समोरून कुणीतरी अलगद टाकलेला चेंडू फक्त डाव्या हाताने सरळ मार. दांड्याच्या खालच्या टोकाशी पकडलीस तरी चालेल, एका हाताला बॅट जड जाते. नंतर उजवा हात नुसता आधाराला लाव.

सचिनची पकड दाखवून कुणी तुला हात खाली घ्यायला सांगेल. त्याचे हात दांड्यावर बरेच खाली असत, पण ती सवय लहानपणी मोठ्या भावाची मोठी बॅट वापरल्यामुळे लागली होती आणि ती त्याच्या हाताला मानवली. तू फक्त एवढं बघ, की दादाची बॅट तुला लांब पडत नाही ना. बॅट लांब असली की हात आपोआप खाली सरकतात.

स्टान्सबद्दल मात्र लगेच निकाल देऊ नकोस. तुझं डोकं ऑफ साइडला कलल्यासारखं वाटतंय, पण त्याच चित्रात स्टंपही तिरके दिसताहेत. म्हणजे फोनच वाकडा होता. आधी स्टंप उभे दिसतील असा फोन लाव, कमरेच्या उंचीला, मिडल स्टंपच्या रेषेत, नेटच्या पलीकडे. मग हेल्मेटची पुढची कड आडवी आहे का ते बघ. ती तरीही ऑफकडे झुकलेली दिसली, तर डोकं खरंच पडतंय, आणि अशाने पायावर आलेला सरळ चेंडू चुकून पायचीत होण्याची भीती असते. बाजूच्या व्हिडिओत डोकं दोन पावलांच्या मधोमध आणि गुडघे किंचित वाकलेले एवढं पुरे. आणि हे सगळं चेंडू हातातून सुटतो त्या फ्रेमवर तपास. बोलर धावत येत असताना तू कशी उभी आहेस त्याला फारसा अर्थ नाही, कारण तू थोडीशी मागे सरकून मग स्थिर होतेस. ती हालचाल असू दे, चेंडू सुटताना थांबलेली असली म्हणजे झालं.

फोनमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचा पर्याय असेल तर तोच घे, पण उन्हात. तिन्हीसांजेला चित्र काळवंडतं आणि बोटं दिसतच नाहीत.

रविवारच्या मॅचला नवी पकड घेऊन उतरू नकोस. सुरुवातीला चेंडू नीट लागणार नाहीत, हात अनोळखी वाटतील. आधी थ्रोडाउनवर, मग नेटमध्ये खऱ्या बोलिंगवर परत शूट कर. थ्रोडाउनवर सैल राहणारा उजवा हात वेगवान चेंडू दिसला की पुन्हा आवळतो, तेवढंच मला बघायचंय.