परत कधी बोलशील, तेवढं सांग

बायकोची बदली नाशिकहून धुळ्याला झाली आणि आमची भांडणं घरातून फोनवर गेली. ती बँकेत अधिकारी, मी इथे कॉलेजात शिकवतो. सुट्टी जुळली की ती एसटीने यायची. मधले दिवस मी मोबाइल उलटा-सुलटा करत काढायचो. मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आलं नाही, की माझ्या पोटात गोळा. घरात बायको रडते-भांडते आणि नवरा पेपरात डोकं घालून बसतो, असं चित्र आपल्याकडे ठरलेलं आहे. आमच्याकडे ते उलटं होतं. म्हणूनच बहुधा आम्हा दोघांनाही ते ओळखायला वेळ लागला.

मार्चअखेरीचं एक भांडण पुढे समुपदेशक बाईंनी आमच्याकडून कागदावर उतरवून घेतलं. कोण बरोबर हे लिहायचं नाही. काय घडलं आणि त्या क्षणी अंगात काय झालं, एवढंच क्रमाने लिहायचं. माझ्या कागदावर होतं: साडेआठला ‘जेवलीस का?’ विचारलं, उत्तर नाही. छातीत धडधड. मग ‘बिझी दिसतेस.’ मग फोनवर फोन. मग ‘ठीक आहे, आता मीच फोन करणार नाही,’ आणि ते लिहिल्यावर तिचा फोन येतो का याची वाट. शेवटी तिच्या शाखेतल्या एकाला विचारलं, मॅडम निघाल्या का? तिच्या कागदावर होतं: पहिला मेसेज पाहिला, हिशेब जुळला की करू म्हटलं. नंतर स्क्रीनवर ढीग दिसला. मान आखडली, काय बोलावं सुचेना, फोन पालथा ठेवला. सहकाऱ्याने ‘साहेबांचा फोन होता’ म्हटल्यावर बोलायची उरलीसुरली इच्छाही गेली.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की माझी प्रत्येक ओळ तिच्या गप्प बसण्याचं कारण होती, आणि तिचं प्रत्येक गप्प बसणं माझ्या पुढच्या ओळीचं. सुरुवात कुणी केली हा प्रश्न तिथे संपला. तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. मात्र भांडण शमल्यावर, आणि दोघांनी वेगवेगळं लिहून.

बाईंनी त्यामागचं शास्त्र थोडक्यात सांगितलं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा सिद्धान्त मांडला. मेरी एन्सवर्थने वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं: आई थोडा वेळ खोलीबाहेर गेली आणि परत आली की बाळ काय करतं? काही बाळं आई आल्यावरही शांत होत नाहीत, बिलगतात आणि रागावतातही. काही आईकडे बघतसुद्धा नाहीत, खेळण्यातच गुंग दिसतात. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी हाच विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावला. मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच माहितीने. खेळण्यात गुंग दिसणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर तेही वाढलेले होते. म्हणजे बायकोचा थंडपणा ही बेफिकिरी असेलच असं नाही. ती आतून हललेली असते, फक्त ते दाखवायची तिला सवय नाही. लहानपणी घरात आवाज चढला की ती माळ्यावर जाऊन अभ्यास करायची आणि ‘हिचं कसं, काही म्हणजे काही त्रास नाही’ असं कौतुक व्हायचं. माझी आई सतत आजारी, मी मावशीकडे. आई कधी येणार हे कुणी सांगायचं नाही. पण लहानपणाला सगळं चिकटवू नका. अशा सवयी जोडीदारागणिक आणि काळागणिक बदलतात; त्या म्हणजे रक्तगट नव्हेत. ‘तू तसलीच आहेस’ म्हणायला हे ज्ञान वापरलं, तर भांडणाला नवीन हत्यार मिळतं. मी ते महिनाभर वापरलं.

आमच्या बाबतीत कामी आला तो थांबण्याचा करार. जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत अभ्यासणारे जॉन गॉटमन सांगतात, की भांडताना ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही आणि अंग शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता बोल’ हा माझा हट्ट निरुपयोगी होता. पण तिचं ‘नंतर बोलू’ही तितकंच निरुपयोगी, कारण माझ्यासारख्याला त्या ‘नंतर’मध्ये शेवट दिसत नाही. म्हणून ठरलं की जो थांबतो त्यानेच वेळ सांगायची आणि त्या वेळी त्यानेच आपणहून फोन करायचा. ‘आत्ता डोकं चालत नाही, साडेनऊला मी फोन करते.’ बस्स. वेळ वीस मिनिटांहून कमी नाही आणि शक्यतो त्याच दिवशीची. मध्ये मी एकही मेसेज करायचा नाही, आणि ‘लास्ट सीन’ बघत बसायचं नाही. ते बघत राहिलं तर वीस मिनिटांनी माणूस शांत होत नाही, आणखी तापतो. तिनेही त्या वेळात मनात उलटतपासणी घोकायची नाही. बाहेर चक्कर मारायची, भांडी घासायची.

पहिल्यांदा साडेनऊचे पावणेदहा झाले तेव्हा मी करार मोडला आणि फोन केला. बाई म्हणाल्या, उशीर होणार असेल तर तिने साडेनऊलाच नवी वेळ कळवायची, एका ओळीत. ही दुरुस्ती मूळ करारापेक्षा महत्त्वाची ठरली. तिचा शब्द पाळला जातोय हे अंगात मुरायला मला काही महिने लागले, आणि ते तिने समजावून झालं नाही, वेळेवर वाजलेल्या फोनने झालं. करार बिघडतोय हे ओळखायचं कसं? फोन येतो, पण मूळ विषय कधीच निघत नाही, तर ते थांबणं राहिलेलं नाही, पळवाट झाली आहे.

माझ्या वाट्याचं काम मागण्याचं होतं. ‘तू हल्ली बदलली आहेस’ ही मागणी नाही, आरोप आहे. त्यावर तिला करण्यासारखं काहीच नसतं. ‘मीच फोन करणार नाही’ ही तर परीक्षा, तीही प्रश्नपत्रिका न देता. त्याऐवजी मी म्हणायला शिकलो, ‘तू रात्री घरी पोचलीस हे कळलं नाही की मला भीती वाटते. पोचल्यावर एक मेसेज टाक, बोलायची गरज नाही.’ भीती एका वाक्यात, आणि मागणी एवढी लहान की दमलेल्या माणसालाही जमावी. तिच्या बाजूने तिने दुपारच्या सुट्टीत आपणहून एक फोन सुरू केला, दोन-तीन मिनिटांचा. मी मागितल्यावर मिळालेल्या तासाभराच्या फोनपेक्षा तो मला जास्त पुरतो. तिलाही त्यात सोय दिसली, कारण त्यानंतर संध्याकाळ तिची मोकळी राहते. ती तासभर एकटी बसली तर मी त्याचा अर्थ लावत नाही. निदान मोठ्याने लावत नाही.

हे सगळं दोघांनाही नातं हवं असेल तिथलं आहे. कुणी अद्दल घडवायची म्हणून दिवसेंदिवस अबोला धरत असेल, कुणी जोडीदाराचा फोन तपासत असेल, येण्याजाण्यावर पाळत ठेवत असेल, हात उगारत असेल, तर तिथे ‘अर्ध्या वाटेवर’ यायला सांगणं चुकीचं आहे. आधी सुरक्षितता पाहायची. त्यासाठी महिलांना १८१ वर फोन करता येतो. अलीकडे जोडीदार माणूसच बदलल्यासारखा वाटत असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर तो त्याचा अलिप्त स्वभाव न मानता नैराश्याचा विचार करावा आणि डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. आणि बायकोच्या ऑफिसात फोन करून मॅडम निघाल्या का, हे विचारू नये. त्या सहकाऱ्याला मी अजून तोंड दाखवलेलं नाही.