पहिल्या रकान्यात लपलेली जुनी येणी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतीव लोखंडी भागांवर यंत्रकाम करून देण्याचा माझा लहानसा कारखाना आहे, आणि गिऱ्हाइकांकडे थकलेल्या बिलांचा तक्ता दर महिनाअखेर काढण्याचा शिरस्ता तेथे आरंभापासून पाळला जातो. मुदत उलटून तीस दिवसांपर्यंत झालेली बिले पहिल्या रकान्यात, साठपर्यंतची दुसऱ्यात, नव्वदपर्यंतची तिसऱ्यात आणि त्यापुढील सर्व चौथ्यात, अशी ती मांडणी. तक्ता वेळच्या वेळी निघत होता, त्याच्या बेरजाही बिनचूक होत्या, आणि तरीही एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत त्याने मला सहा महिने अंधारात ठेवले. ज्यांच्या दप्तरात असाच तक्ता निघतो, त्यांच्यासाठी हा प्रसंग तपशिलाने सांगतो.

हे गिऱ्हाईक पंप तयार करणारे होते आणि त्यांच्याशी ठरलेली मुदत बिलाच्या तारखेपासून 45 दिवसांची होती. दिवस मोजायचे ते मुदत संपल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. 20 जूनच्या बिलाची मुदत 4 ऑगस्टला संपते, म्हणून 31 ऑगस्टच्या तक्त्यात ते 27 दिवसांचे थकीत ठरून पहिल्या रकान्यात बसते, आणि बिलाच्या तारखेपासून मोजणाऱ्यास तेच बिल 72 दिवसांचे भासते. हा भेद आमच्या दिवाणजींना पक्का ठाऊक होता. चूक झाली ती दिवस मोजण्यात नव्हे, तर आलेली रक्कम कोणत्या बिलापोटी जमा धरायची, या निर्णयात.

त्या ऑगस्टच्या अखेरीस या गिऱ्हाइकाकडून 6,40,000 रुपये येणे होते. तीन दिवस आधी, 28 तारखेस, त्यांच्याकडून 2,70,000 रुपये बँकेत आले होते, आणि दिवाणजींनी जुन्या वहिवाटीप्रमाणे ते सर्वांत जुन्या बिलांपोटी जमा केले: 5 एप्रिलचे 1,80,000 चे बिल आणि 12 मेचे 90,000 चे. दोहोंची बेरीज आलेल्या रकमेशी तंतोतंत जुळली, एक रुपयाही उरला नाही, आणि म्हणूनच कोणाच्याही मनात शंका उपजली नाही. त्यानंतर खात्यावर 20 जूनचे 1,50,000, 25 जूनचे 2,70,000 आणि 10 जुलैचे 2,20,000 एवढीच बिले उरली. तिन्हींची मुदत ऑगस्टातच संपलेली असल्यामुळे सगळे 6,40,000 पहिल्या रकान्यात बसले आणि पुढचे तिन्ही रकाने कोरे राहिले. मी त्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे समाधानाची खूण केली.

वस्तुतः गिऱ्हाइकाने चुकते केले होते ते 25 जूनचे बिल. तसे त्यांनी बिलाच्या क्रमांकासह लेखी कळवलेही होते, परंतु ते पत्र माल रवाना करणाऱ्या विभागाच्या ईमेलवर येऊन तेथेच पडून राहिले. त्या पत्राप्रमाणे जमा धरली असती, तर पहिल्या रकान्यात 3,70,000 च राहिले असते. मेचे बिल 66 दिवसांचे होऊन तिसऱ्या रकान्यात आणि एप्रिलचे बिल 103 दिवसांचे होऊन चौथ्या रकान्यात उघडे पडले असते.

दिवाणजींची वहिवाट निराधार होती, असे मात्र कोणी समजू नये. भारतीय करार अधिनियम, 1872 याची कलमे 59 ते 61 याच प्रश्नाविषयी आहेत. ऋणकोने अमुक ऋणापोटी म्हणून रक्कम दिली असेल, तर ती स्वीकारणाऱ्याने त्याच ऋणापोटी धरली पाहिजे. त्याने काहीच सूचित केले नसेल, तर निवड धनकोची. आणि दोघांपैकी कोणीच निवड केली नसेल, तरच कालक्रमाने जुने ऋण आधी फिटते. आम्ही तिसरा नियम आधी लावला, आणि पहिल्याची तर चौकशीच केली नाही.

पुढील फेब्रुवारीत हिशेबतपासनिसांच्या सांगण्यावरून बाकीची रुजवात करण्याचे पत्र या गिऱ्हाइकाला धाडले, तेव्हा त्यांच्या वहीतील बाकी आमच्यापेक्षा 1,80,000 ने कमी निघाली. त्यांच्या लेखा विभागातील गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, एप्रिलचं हे बिल आमच्याकडे नोंदलेलंच नाही. मेचं नोंदलंय, पण दर ऑर्डरशी जुळत नाही म्हणून अडवून ठेवलंय.” एप्रिलचा माल फाटकातून आत गेला होता, पण त्यांच्या भांडारात त्याची आवक नोंदली गेली नव्हती. मुदत संपून नऊ महिने लोटले होते, आणि चलनावर सही करणारा भांडारातील मनुष्य नोकरी सोडून गेला होता. पहिल्या महिन्यात एका दूरध्वनीने सुटणारी गाठ आता साक्षीपुराव्याचा विषय झाली. शिवाय माझ्या बँकेच्या मंजुरीपत्राप्रमाणे बिलाच्या तारखेपासून 90 दिवसांवरील येणी तारणात धरता येत नाहीत. मी मात्र ते 2,70,000 ताज्या बिलांचे समजून दरमहा कळवत आलो होतो. ते पत्रक दुरुस्त करून देताना मला फार ओशाळे वाटले.

अशी गफलत तक्त्यात दिसत नाही, खात्यात दिसते, आणि तिची दोन लक्षणे मला मागाहून उमगली. बिलामागे रक्कम देणारे गिऱ्हाईक नेहमी एखाद्या बिलाइतकीच, किंवा काही बिलांच्या बेरजेइतकी, रक्कम धाडते. तेव्हा ऑगस्टातील योगायोग संपून सप्टेंबरपासून आमच्या खात्यावर अर्धीमुर्धी फिटलेली बिले आणि विचित्र उरलेल्या रकमा दिसू लागल्या, ही पहिली खूण होती. दुसरी अशी, की गिऱ्हाइकाने मुदत उलटलेले सर्व काही चुकते केल्यावरही थकीत बाकी एका आकड्याच्या खाली उतरतच नाही. आमचा तो आकडा 2,70,000 होता, आणि तो महिनोन्महिने नव्या बिलांच्या वेषात पहिल्या रकान्यात वावरत होता.

म्हणून माझे सांगणे असे, की देणाऱ्याचा तपशील हाती येईपर्यंत आलेली रक्कम कोणत्याही बिलाशी जोडू नये. टॅलीत ती `On Account` म्हणून वेगळी ठेवता येते आणि तपशील मिळाल्यावर `Agst Ref` ने त्या त्या बिलास लावता येते. अशी न जोडलेली रक्कम तक्त्याच्या तळाशी स्वतंत्र दाखवावी. तिच्यामुळे तक्ता काहीसा ओबडधोबड दिसतो, परंतु रकाने खोटे बोलत नाहीत. तपशील दोन दिवसांत न आल्यास गिऱ्हाइकाच्या लेखा विभागाकडून खातेउतारा मागवावा.

आणि रकान्यागणिक तगाद्याचा विषयही वेगळा असावा. पहिल्या रकान्यातील बिलासाठी पैसे मागण्याआधी ते त्यांच्या वहीत नोंदले गेले आहे काय, एवढेच विचारावे, कारण माझ्या अनुभवात बहुतेक जुन्या येण्यांचे मूळ तेथेच सापडले. दुसऱ्या रकान्यात पोहोचलेले बिल कोठेतरी अडलेले असते: दर, आवक किंवा तपासणी यांपैकी काय, आणि कोणाच्या मेजावर, हे नावानिशी लिहून घ्यावे. तिसऱ्यात गेल्यावर बाकी मान्य असल्याचे सहीचे पत्र मागावे. पैशाच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी दिलेल्या अशा लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होते.

मेच्या बिलाचा दर ऑर्डरमध्ये दुरुस्त करून घेतला आणि 90,000 तीन आठवड्यांत आले. एप्रिलच्या बिलासाठी वाहतूकदाराच्या दप्तरातून फाटकावरील शिक्क्याची चलनाची प्रत शोधून काढावी लागली, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर जुलैत 1,35,000 मिळाले. उरलेले 45,000 मी बुडीत खाती लिहिले. आता दिवाणजी कोणतीही रक्कम जमा करताना गिऱ्हाइकाने कळवलेला बिल क्रमांक शेजारी लाल शाईने लिहितात, आणि जेथे तो नसतो, ती ओळ मला दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवतात.