पातीचा कांदा, गवती चहा व सेलरी: पाण्यातून मातीत केव्हा हलवावे?

स्वयंपाकघरात उरलेले बुडखे पेल्यातील पाण्यात ठेवून पुन्हा पाला घेणारी अनेक कुटुंबे बेंगळुरूत आढळतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे रोप मातीत केव्हा लावावे. साध्या पाण्यात रोपास पुरेल इतके नत्र नसते. नवी पात निघते ती बुडख्यातील साठ्यावर. त्यामुळे पाण्याचे काम मुळे फुटेपर्यंतच आहे, असे समजावे.

पातीच्या कांद्याचा मुळांसह तीन ते चार सेंटिमीटर पांढरा भाग राखावा आणि केवळ मुळे बुडतील इतकेच पाणी घ्यावे. वाढीचा बिंदू तळच्या चकतीवर असल्याने कापलेली पात दोन-तीन दिवसांत वर सरकते. ही जलद वाढ फसवी असते. दुसऱ्या कापणीनंतर पात बारीक व फिकट होते, म्हणजे साठा संपत आला. तोपर्यंत न थांबता साधारण आठवड्याने, नवी पांढरी मुळे दिसताच, रोप कुंडीत लावावे. लावण्यापूर्वी बाहेरचे आवरण काढावे, कारण पातीच्या बेचक्यात फुलकिडे दडलेले असतात. पुढे पातीवर रुपेरी चट्टे दिसल्यास तो त्यांचाच प्रादुर्भाव समजावा.

गवती चह्याची नुसती पाने पाण्यात ठेवून मुळे येत नाहीत. बाजारातून तळाचा कठीण गड्डा शाबूत असलेला दांडाच घ्यावा. त्यास मुळे फुटण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात. मुळे चार-पाच सेंटिमीटर झाली व आतून नवे पान निघाले की मोठ्या कुंडीत, उन्हात लावावे.

सेलरीचा पाच सेंटिमीटरचा बुडखा उथळ ताटलीत ठेवावा. मधली पाने वर आली व तळाशी मुळे दिसली की लगेच मातीत न्यावा. उशीर झाल्यास बाहेरचे देठ कुजतात. यातून प्रामुख्याने पाला मिळतो, बाजारासारखे जाड देठ क्वचितच.

गवती चह्याच्या या दीर्घ मुक्कामातच खरी अडचण आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्याच खिडकीतील पेला प्रवासामुळे अकरा दिवस तसाच राहिला. परतलो तेव्हा पाण्यात एडिस डासाच्या अळ्या व कोष होते. कीटकशास्त्रज्ञाच्या घरी हे घडावे, याचा संकोच वाटला! उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. कर्नाटकात 2024 मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित करण्यात आले होते, हे येथे लक्षात घ्यावे.

पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, मात्र तेवढ्यावर थांबू नये. एडिसची मादी पाण्याच्या पातळीलगत पेल्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात. म्हणून प्रत्येक वेळी पेला आतून ब्रशने घासावा व मुळांवरून वाहते पाणी सोडावे. रोप मातीत गेल्यावर हीच दक्षता कुंडीखालच्या ताटलीबाबत घ्यावी.