उत्तराची मुद्दानिहाय फोड

पोरांनो, संस्थेचे माहिती अधिकाराचे अर्ज आता तुम्ही टाकणार, तेव्हा आलेलं उत्तर वाचायचं कसं ते एकदा सांगून ठेवतो. महसूल खात्यात कारकून होतो तेव्हा अशी उत्तरं मी स्वतः टंकली आहेत. गोलमोल वाक्य कुठं पेरतात ते मला ठाऊक आहे. आपल्या वडगावात पाकीट आलं की जो तो आधी शेवटची ओळ बघतो. ‘माहिती देता येत नाही’ दिसलं की चार शिव्या हासडतो आणि कागद फायलीत टाकतो. त्या पत्रात निम्मी माहिती मिळालेली असते, ती तशीच पडून राहते.

पाकीट फाडून टाकू नका, पत्राला टाचून ठेवा. पत्रावरची तारीख एक असते, टपालाचा शिक्का दुसरा असतो आणि आपल्या हातात पडल्याचा दिवस तिसरा असतो. पहिल्या अपिलाचे तीस दिवस हातात पडल्यापासून धरायचे. उत्तरच आलं नसेल, तर अर्ज त्यांना मिळाल्यापासूनचे तीस दिवस संपले की तिथून पुढचे तीस.

मग वही काढा. एका मुद्द्याला एक ओळ. आपण काय मागितलं, त्यांनी काय लिहिलं ते त्यांच्याच शब्दांत, काय मिळालं ते पान क्रमांकासह, आणि नकार असेल तर कोणतं कलम. त्यांचं वाक्य स्वतःच्या भाषेत सुधारून लिहायचं नाही. का, ते एका उदाहरणानं सांगतो.

समजा एका नगरपरिषदेकडं प्रभागातल्या काँक्रीट रस्त्याचे सहा कागद मागितले: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पानं, ठेकेदाराला दिलेली देयकं, त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल आणि रस्ता उखडल्याच्या तक्रारीवर केलेल्या कार्यवाहीची कागदपत्रं. उत्तर आलं: ‘मुद्दा १, २ व ४ ची माहिती सोबत जोडली आहे. मुद्दा ३ व ५ त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने कलम ८(१)(ज) व ११ अन्वये देता येत नाही. उर्वरित माहिती निरंक.’

आधी ‘सोबत जोडली आहे’ ची खात्री करा. पत्रात ३८ पानं लिहिली असतील तर मोजा, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घाला, साक्षांकनाचा शिक्का बघा. मग एकेका कागदातली तारीख आणि रक्कम वहीत उतरवा. देयकाच्या मागं कधीकधी मोजमाप पुस्तकाचा क्रमांक आणि नोंदीची तारीख असते. म्हणजे तिसरा मुद्दा नाकारला तरी त्यातला एक तुकडा चौथ्यातून आलेला असतो. देयक २४ मार्चला अदा झालं आणि अखेरची मोजणी २७ मार्चची निघाली, तर दोन्ही तारखा पान क्रमांकासह लिहायच्या आणि थांबायचं. ‘घोटाळा’ हा शब्द वहीत नको. मार्चअखेरीची घाई मी आतून पाहिली आहे. खुलासा त्यांनी करायचा.

आता ‘निरंक’. बहुतेकांना हा नकार वाटतो. अरे, हे तर उत्तर आहे! तक्रारीवर काहीच कार्यवाही केलेली नाही, असं अधिकाऱ्यानं सहीनिशी लिहून दिलं. तक्रारीची पोच आपल्याकडं असेल तर ही ओळ मिळालेल्या ३८ पानांपेक्षा वजनदार. ‘अभिलेखात आढळून येत नाही’ असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कागद होता की नव्हता, ते त्यात ते सांगतच नाहीत. कागद सापडत नाही हे कायद्यात नकाराचं कारण नाही. २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं असा कागद नीट शोधायला लावून जबाबदारी ठरवता येते असं सांगितलंय. आणि ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ आलं, तर कलम ६(३) प्रमाणं अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं धाडायला हवा होता. त्या पत्राचा जावक क्रमांक विचारायचा. या तिन्ही वाक्यांवरचे उपाय निरनिराळे आहेत, म्हणूनच शब्द जसेच्या तसे हवेत.

नकाराच्या कलमात एक खोच आहे. मराठी अधिनियमात कलम आठची पोटकलमं क, ख, ग, घ अशी चालतात. त्यात ‘ज’ म्हणजे तपासाला अडथळा आणि ‘ञ’ म्हणजे वैयक्तिक माहिती. इंग्रजी प्रतीत वैयक्तिक माहितीला ‘जे’ आहे. मग टंकणारा कधी ‘जे’ चा ‘ज’ करतो, तर कधी ‘ञ’ चा ‘त्र’ होतो. वर ‘त्रयस्थ पक्ष’ लिहून खाली ‘ज’ घातलाय, म्हणजे त्यांच्या मनात बहुधा ‘ञ’ असणार. आपण मनानं दुरुस्त करायचं नाही. वहीत ‘ज’ च लिहायचा, शेजारी ‘कारण जुळत नाही’ असा शेरा मारायचा आणि अपिलात दोन्हींना उत्तर द्यायचं. खरोखर ‘ज’ असेल, तर चौकशी कोणती आणि ही पानं दिल्यानं ती अडते कशी, ते त्यांनी दाखवायला हवं. चौकशी सुरू आहे एवढ्यानं भागत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ सालीच म्हटलं आहे. ‘ञ’ असेल तर उत्तराची तारीख बघा. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ते पोटकलम बदललं. पूर्वीच्या अटी जाऊन नुसती ‘वैयक्तिक माहिती’ उरली आणि नकार देणं सोपं झालं. तरी कलम ८(२), म्हणजे व्यापक जनहिताचा दरवाजा, शाबूत आहे. शिवाय सार्वजनिक रस्त्याची जाडी कुणाची खासगी बाब कशी होईल?

कलम ११ एकटं नकाराला पुरत नाही, ती कार्यपद्धती आहे. अर्ज आल्यावर पाच दिवसांत ठेकेदाराला नोटीस, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस, मग अधिकाऱ्याचा निर्णय. नकाराचं कारण कलम आठ किंवा नऊमधूनच यावं लागतं. नोटीस कधी दिली, हरकत लेखी आली का, हे उत्तरात नसेल तर वहीत ‘उल्लेख नाही’ लिहा. आणि अहवालातला एखादा भाग खरंच गोपनीय असला, तर कलम १० खाली तेवढा झाकून बाकीचा द्यावा लागतो.

ज्या मुद्द्याचं उत्तरात नावच नाही तोही मुदत टळल्यावर नकारच धरायचा. अर्ज नीट क्रमांक घालून लिहिला नसेल तर हे हुडकणं जड जातं. २०१२ पासून आपल्या राज्यात एक अर्ज, एक विषय आणि साधारण दीडशे शब्द असा नियम आहे, त्यामुळं मुद्दे थोडके ठेवा.

आता संस्थेचं. कायदा नागरिकाला अधिकार देतो, म्हणून लेटरहेडवरच्या अर्जाला ‘कलम ३ नुसार संस्थेला माहिती देता येत नाही’ असं येऊ शकतं. पदाधिकाऱ्यानं स्वतःचं नाव लिहून, आपण भारतीय नागरिक आहोत असं नमूद करून सही केली असेल तर माहिती द्यावी, असं केंद्राच्या कार्मिक विभागाचं मार्गदर्शन आहे. वहीत अर्जदाराचं नाव लिहाच. उद्या सचिव बदलला तरी त्या अर्जाचं अपील जुन्या सचिवाच्याच सहीनं जायला हवं.

शेवटी पत्राचा तळ बघा. नकार देताना अपील कुणाकडं आणि किती दिवसांत करायचं, हे लिहिणं कलम ७(८) खाली बंधनकारक आहे. ते नसेल तर तोही अपिलातला मुद्दा. अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. वहीतल्या फक्त तिसऱ्या आणि पाचव्या ओळीवर लिहायचं. मिळालेल्याचा एका वाक्यात उल्लेख पुरे. तिथंही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील. तिथं हीच वही झेरॉक्स करून जोडा.