रंगाचे पैसे अनामतीतून कापले तर?

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट ३३ महिन्यांनी सोडला. ६० हजारांची अनामत मागितली, तर मालकांनी यादीच पाठवली : रंगकाम १८ हजार, फुटलेलं वॉशबेसिन साडेचार हजार. बेसिन आमच्याच हातून फुटलं. सगळं सोसायचं का?

उत्तर : नाही, यादी आली म्हणून वजावट मान्य झाली असं नसतं. एवढ्या काळात भिंती मळणं ही नेहमीच्या वापरातली झीज. तिचा खर्च एरवी तुमच्यावर येत नाही. मात्र करारात रंगकामाचं कलम असेल तर द्यावे लागतील. आधी ते बघा. बेसिनचे द्या, पण बिल बघून. भारीतलं बसवलं असेल तर वरचा फरक तुमचा नव्हे. हे लेखी कळवा आणि वाद नसलेले ३७,५०० रुपये लगेच मागा. चावी दिली त्या दिवशीचे फोटो जपा.