जिभेचे वळण

मुळशी तालुक्यातील एका पतसंस्थेत मी हिशेबनीस असताना, कागद अस्ताव्यस्त दिसला की ‘हा काय कातकरी कारभार!’ आणि कर्जदार हप्त्याला चुकला की ‘पारध्याची जात’ हे उद्गार आमच्या रोखपालांच्या तोंडून इतक्या सहजपणे निघत, की आपण कोणाची अवहेलना ऐकत आहोत हे कोणाच्या ध्यानीही येत नसे. ‘अहो, जिभेला वळण पडलंय, मनात काही नसतं,’ हा त्यांचा ठरलेला खुलासा सारी कचेरी मान्य करी.

तो खुलासा फोल ठरला वार्षिक लेखापरीक्षणाच्या वेळी. तपासणीस आलेले अधिकारी आदिवासी समाजातील होते, हे रोखपालांना आधीच ठाऊक होते. आणि ते समोर बसून दफ्तर चाळीत होते तोवर, पावत्यांचा सारा गोंधळ उघडा पडत असतानाही, ‘कातकरी’ हा शब्द रोखपालांच्या जिभेवर एकदाही आला नाही. अधिकाऱ्यांची गाडी पौडच्या दिशेने वळते न वळते तोच, खिडकीशी पासबुक घेऊन उभ्या असलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या एका कातकरी तरुणाच्या देखत तो पुन्हा उच्चारला गेला. तरुण काही बोलला नाही. पासबुकाची प्लॅस्टिकची पिशवी नीट दुमडून तो बाजूला सरकला. समोरच्याचा हुद्दा पाहून थांबणाऱ्या जिभेला सवयीची गुलाम कसे म्हणावे?

त्याच संध्याकाळी, तिजोरीला कुलूप लागल्यावर, मी त्यांना एकट्याला गाठून म्हटले, ‘तुम्हाला गबाळा कारभार म्हणायचा असतो ना, मग तेवढंच म्हणा. आज तो पोरगा ऐकत होता.’ दुसऱ्या दिवशी कचेरीभर वार्ता, की मी त्यांना अ‍ॅट्रॉसिटीची धमकी दिली! मी कायद्याचे नावही काढले नव्हते.

म्हणून सांगतो, पहिल्या बोलण्यात 1989 चा तो कायदा चुकूनही आणू नये. त्याला अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर आणि लोकांच्या दृष्टीसमोर केलेला अपमान अभिप्रेत आहे. कागदाच्या ढिगाला उद्देशून काढलेला शब्द त्यात सहजी बसत नाही, आणि मग ‘गुन्हा कुठे आहे?’ या प्रश्नाआड बोलणारा निर्धास्तपणे दडतो. शब्द थेट खिडकीवरील माणसाला उद्देशून आला, तर गोष्ट निराळी. परंतु तेव्हाही फिर्यादीचा निर्णय त्याचा, आपण फक्त साक्षीस उभे राहू एवढे त्याला सांगावे. त्याला पुरावा म्हणून पुढे ढकलू नये. त्याचे कर्ज याच संस्थेत असते. बाकी शांतपणे बोलावे, चारचौघांत बोलू नये, हे सर्वश्रुतच आहे.

माझ्यासमोर तो शब्द पुढे बंद झाला. माघारी चालू असल्याचे शिपाई सांगे. सेवानिवृत्तीच्या सत्कारात मात्र रोखपालांनी माझा उल्लेख ‘आमचे शुद्धलेखन तपासनीस’ असा केला, आणि टाळ्या कडाडून पडल्या.