रंगरूप मागे ठेवून फक्त मजकूर

प्रश्न : संकेतस्थळावरचा मजकूर वर्डमध्ये पेस्ट केला की तिथला फाँट, रंग, मागची पट्टी सगळे सोबत येते. फक्त मजकूर कसा आणावा?

उत्तर : कॉपी करताना संगणक एकाच मजकुराच्या अनेक आवृत्त्या साठवतो. एक सजावटीसकट, एक निव्वळ अक्षरांची. `Ctrl + V` दाबल्यावर वर्ड सहसा सजावटीची आवृत्ती उचलतो. क्रोम, जीमेल, गूगल डॉक्स आणि नव्या वर्डमध्ये `Ctrl + Shift + V` दाबा, निव्वळ मजकूर येईल. जुन्या वर्डमध्ये हीच कळ फक्त स्वरूप चिकटवते, त्यामुळे मजकूर येतच नाही. तसे झाले तर `Ctrl + V` करा, मग `Ctrl` दाबून सोडा आणि `T` दाबा. लिबरऑफिस रायटरमध्ये `Ctrl + Alt + Shift + V` चालते.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असेल, तर सजावट काढताच त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. मजकूर बिघडलेला नसतो, फाँट सुटलेला असतो. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या.

अनेक उतारे गोळा करायचे असल्यास विंडोज 10 किंवा 11 मध्ये `Win + V` दाबून क्लिपबोर्डचा इतिहास सुरू करा. त्यात शेवटच्या 25 नोंदी राहतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पिन केलेल्या तेवढ्याच उरतात. पासवर्ड कॉपी केला असेल तर तोही यादीत दिसू शकतो, म्हणून सामायिक संगणकावर ती नोंद लगेच पुसा.